सर्टिफिकेट मिळालं? आता थोडं नम्र व्हा, पण दणक्यात!

अभिनंदन! एडब्ल्यूएसची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा तुम्ही पास झालात. एकशे तीस मिनिटांत पासष्ट प्रश्न सोडवले, हजारपैकी ७२० लागतात तिथे ७४६ मिळवले. अवघड भाग संपला असं वाटत असेल, तर तुम्ही लिंक्डइनवर नवीन आहात. अजून कॅप्शन लिहायचंय.

पहिली ओळ आनंद आणि नम्रता यांच्यातच खर्ची घाला. 'हे सांगताना मला अत्यंत आनंद होतोय, आणि तितकंच नम्रही वाटतंय...' फोनवर पोस्टच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला 'आणखी'वर बोट ठेवावं लागतं. तेव्हा परीक्षेचं नाव आणि तुम्हाला कोणतं काम हवंय, या दोन्ही गोष्टी त्या 'आणखी'च्या पलीकडे ठेवा. नोकरी देणाऱ्याला खरंच गरज असेल तर शोधेल तो.

मग प्रवास येऊ द्या. रात्रीचे दोन, थंड झालेला चहा, आईचे शब्द. व्हीपीसी, सबनेट वगैरे कोरड्या गोष्टी मध्ये आणू नका, लय बिघडते. शेवटी तीस जणांना टॅग करा. चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे फोटो असतात ना, तसे. त्यात ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही असे दोन डायरेक्टर असले, तर वजन येतं.

आता खरी करामत. प्रोफाइलवर नावाखाली जी ओळ असते, तिथलं 'ॲप्लिकेशन सपोर्ट, दोन वर्षं' आजच पुसा आणि 'सोल्युशन्स आर्किटेक्ट' लिहा. सर्टिफिकेटच्या नावात ते शब्द आहेतच, खोटं कुठे बोललात? भरती करणारी बाई त्या हुद्द्यासाठी शोध घेते, तेव्हा तिला दहा-बारा वर्षं मोठ्या सिस्टिम उभ्या केलेली माणसं हवी असतात. त्यांच्या रांगेत तुम्ही सापडाल. ती फोनवर विचारेल, 'शेवटचं डिझाइन कुठलं केलंत?' तेव्हा आईचे शब्द सांगा.

एखाद्या सहा तासांच्या व्हिडिओ कोर्सचा कागद असेल, तर तोही 'प्रमाणित' म्हणून शेजारी चिकटवा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालू ठेवणं आणि वेळ लावून, देखरेखीखाली परीक्षा देणं यातला फरक कोण बघतंय? पडताळणीच्या लिंकवर क्लिक केलं की दिसतो, एवढंच. म्हणून खऱ्या परीक्षेचीही लिंक देऊ नका, समानता राखा. आणि हो, हे सर्टिफिकेट तीन वर्षांनी संपतं. मुदत लिहायच्या रकान्याकडे बघूसुद्धा नका.

हे सगळं न केल्यास काय होतं, ते आमच्या शेजारच्या मुलाकडे बघून कळेल. तोही सपोर्टमध्येच, परीक्षाही हीच. त्याने लिहिलं:

'एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट पास झालो. पुण्यात क्लाउड सपोर्ट किंवा ज्युनिअर डेव्हऑप्सचं काम शोधतोय. दोन वर्षं ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये आहे. सर्व्हर पडला की फोन मला येतो. तो का पडला हे समजावं म्हणून अभ्यासाला बसलो. सरावासाठी एक छोटी साइट दोन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये उभी केली, एक सर्व्हर मुद्दाम बंद केला आणि लोड बॅलन्सर दुसऱ्याकडे कसा वळतो ते तपासलं. नॅट गेटवे चालू राहिल्यामुळे आलेल्या बिलाची हकिकतही कोडसोबत लिहून ठेवली आहे. खऱ्या ग्राहकासाठी असं काम अजून केलेलं नाही. कोड, आकृती आणि पडताळणीची लिंक खाली.'

झालं, संपलं! ना रॉकेट, ना अश्रू. बोलून-चालून नोकरी शोधणारा माणूस, आणि काय केलेलं नाही तेही स्वतःच सांगतो! वर बिलाची हकिकत. गेटवेला रहदारी नसली तरी तासाचं भाडं लागत राहतं, हे ज्याला खिशातून कळलंय तो पुढे कंपनीचे पैसे वाचवेल, असा भलता अर्थ कुणी काढला म्हणजे? टॅग केलं एकाच बाईंना, ज्यांनी त्याची आकृती तपासून दोन चुका दाखवल्या होत्या. आणि कुठल्या चुका, तेही लिहिलं.

परिणाम व्हायचा तोच झाला. अभिनंदनं जेमतेम डझनभर. तिसऱ्या दिवशी कुणा अनोळखी माणसाने खाली विचारलं, 'हेल्थ चेक किती सेकंदांवर ठेवला होता?' हा बाबा इमानदारीत उत्तर देत बसला: आधी नेहमीचे तीस, मग दहा, आणि का बदलले. त्यावर त्या माणसाचा दुसरा प्रश्न आला, मग रेझ्युमे मागणारा मेसेज.

तुमच्या पोस्टखाली असले प्रश्न येणार नाहीत, निश्चिंत राहा. तिथे अडीचशे अभिनंदनं पडलेली असतील, आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या शब्दांत धन्यवाद लिहायचे आहेत. लागा कामाला.