जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं तर चालतं का?

"लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं तर जांभळ्यातलं थोडं ओतायचं, रक्त तर एकाच पेशंटचं आहे, ट्यूबचा क्रम वगैरे फक्त डीएमएलटीच्या परीक्षेपुरता."

नाही हो, अजिबात चालत नाही. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमच्या मिठाच्या रूपात, आणि ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणूनच रक्त गोठत नाही. आता तेच लाल ट्यूबमध्ये गेलं की पोटॅशियम उगाच वाढतं, कॅल्शियम पडतं, आणि अल्कलाइन फॉस्फटेजला लागणारं झिंक-मॅग्नेशियमही अडकल्याने तोही कमी येतो.

समजा रिपोर्ट आला पोटॅशियम 8.5, कॅल्शियम 5, क्रिएटिनिन नॉर्मल, आणि पेशंट समोर मस्त गप्पा मारत बसलाय. असा रिपोर्ट सोडायचा नाही, नवीन सॅम्पल घ्यायचं. नुसतं हिमोलिसिस असतं तर पोटॅशियम वाढलं असतं पण कॅल्शियम असं कोसळलं नसतं, फरक इथे कळतो.

खरा त्रास थोडंसंच ईडीटीए गेलं तर होतो. पोटॅशियम 3 चं 4 दिसतं, सगळं ठीक वाटतं आणि खरी कमतरता झाकली जाते.

म्हणून क्रम असा: ब्लड कल्चर, मग निळी सायट्रेट, लाल किंवा पिवळी, हिरवी हेपरिन, त्यानंतर जांभळी, शेवटी राखाडी फ्लोराइड. आणि रक्त कमी पडलं तर सरळ परत टोचा, पेशंट कुरकुरला तरी.