‘फॉर्मवर शुगर लिहू नका’ हा सल्ला कुणाला बुडवतो?

«मेडिक्लेम घेताना फॉर्मवर शुगर आहे असं चुकूनही लिहू नका. एकदा लिहिलंत की पायाची जखम, डायलिसिस, डोळे, सगळं ‘डायबेटिसमुळे’ म्हणून कायमचं बाद. न लिहिता 5 वर्षं हप्ते भरा, मग कंपनी काहीच विचारू शकत नाही. सुप्रीम कोर्टातही शुगरवाले हरतात. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज लोकांनी पाठवलाच. फिरत फिरत तो सोलापूरला आमच्या आत्याकडे पोचला आणि तिने एजंटला फोन करून मधुमेहाच्या रकान्यात ‘नाही’ करायला सांगितलं. आत्या सहा वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेतेय. एजंटही ‘बरं’ म्हणाला. त्याला पॉलिसी विकायची आहे, क्लेमच्या वेळी तो थोडाच दवाखान्यात बसणार आहे?

‘कायमचं बाद’पासून सुरू करू. पॉलिसीच्या कागदांत ‘एक्सक्लूजन्स’ असं पान असतं. तिथे Excl01 हे कलम शोधा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, त्याचं शब्दांकन सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठरवून दिलंय. आधीपासून असलेला आजार आणि त्याच्या थेट गुंतागुंती यांवरच्या उपचाराचा खर्च प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत मिळणार नाही, असं ते सांगतं. हा काळ जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो. 1 एप्रिल 2024 च्या आधी ही मर्यादा 48 होती. म्हणजे कुंपण आहे, पण त्याला तारीख आहे. त्याच कलमात पुढे आणखी एक वाक्य आहे, ते मेसेजवाल्याने वाचलेलं दिसत नाही: मुदत संपल्यावर त्या आजाराला संरक्षण मिळेल, पण अर्ज करताना तो जाहीर केलेला आणि कंपनीने स्वीकारलेला असेल तर. जो शुगर लिहितो त्याचं घड्याळ पहिल्या दिवसापासून सुरू होतं. जो लिहीत नाही त्याचं घड्याळ सुरूच होत नाही.

आता पायाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीचे एक गृहस्थ, वय 56, मधुमेह नऊ वर्षांचा. फॉर्मवर तो लिहिला, 5 लाखांची पॉलिसी घेतली, दर वर्षी वेळेवर नूतनीकरण केलं. चाळिसाव्या महिन्यात नवीन चपलेने अंगठ्याखाली फोड आला. मधुमेहाने पायाच्या नसांची संवेदना गेलेली असते, म्हणून दुखलं नाही. दुखलं नाही म्हणून आठवडाभर कुणी पाहिलंच नाही. मोजे काढताना वास आला तेव्हा पू हाडापर्यंत गेला होता. दाखल झाले, शिरेतून अँटिबायोटिक, पायाच्या रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी, मेलेली त्वचा खरवडून काढली, शेवटी अंगठा काढावा लागला. सात दिवस. बिल 2,85,000.

पहिले 36 महिने उलटून गेलेत, आजार जाहीर आहे. ‘डायबेटिक फूट’ म्हणून हा क्लेम नाकारता येत नाही. पण हातात पूर्ण रक्कमही येत नाही. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000 होती आणि यांनी 8,000 ची खोली घेतली. सात दिवसांचे 56,000 झाले, कंपनी 35,000 देणार. गोष्ट इथे थांबत नाही. सर्जनची फी, ओटी, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले 1,12,000 सुद्धा त्याच प्रमाणात, म्हणजे पाच अष्टमांश होऊन 70,000 वर येतात. औषधांना ही कात्री लागत नाही, त्यांचे 1,12,500 पूर्ण मिळाले. घरी जाताना घेतलेले मधुमेहींचे खास बूट 4,500 चे, तेही गेले, कारण ‘डायबेटिक फूटवेअर’ हा शब्द न देण्याच्या वस्तूंच्या यादीत छापलेलाच असतो. एकूण मिळाले 2,17,500. कापले 67,500.

आता घरातले काय सांगत फिरतील? ‘शुगर लिहिली म्हणून साठ-सत्तर हजार कापले.’ बूट सोडले तर यातला एक रुपयाही शुगरमुळे गेलेला नाही. 63,000 खोलीच्या निवडीमुळे गेले. असे मेसेज अशाच घरांतून जन्माला येतात, असा माझा अंदाज आहे.

याच गृहस्थांचा पाय तिसाव्या महिन्यात चिघळला असता, तर कंपनीने क्लेम नाकारला असता आणि तो नकार नियमात बसला असता. हे मान्य करायला मला फार आनंद होत नाही, पण खरं आहे. आणि दुसऱ्या नूतनीकरणाला त्यांनी विमा 5 वरून 10 लाख केला असता, तर वाढलेल्या 5 लाखांचे 36 महिने त्या दिवसापासून नव्याने मोजले गेले असते. चाळिसाव्या महिन्यातलं बिल मग जुन्या 5 लाखांतूनच भागवावं लागतं. इथे भागलं. डायलिसिसला भागणार नाही.

मेसेजवाल्याच्या सल्ल्याने याच माणसाने ‘नाही’ लिहिलं असतं तर? डिस्चार्ज कार्डावर सगळ्यात वर निवासी डॉक्टर सवयीने लिहितो: मधुमेह, 12 वर्षं. ते घरच्यांनीच त्याला भरतीच्या रात्री सांगितलेलं असतं. कंपनी फॅमिली डॉक्टरचे जुने कागद आणि लॅबचे एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे रिपोर्ट मागवते. आणि कागद नसले तरी पाय स्वतःच साक्ष देतो. बधिर तळवा, डोळ्याच्या पडद्यावरचे रक्ताचे ठिपके, लघवीतून जाणारं प्रोटीन, हे बहुतेक वेळा कित्येक वर्षांच्या मधुमेहाचं काम असतं. हार्ट अटॅकला ‘शुगरशी संबंध नाही’ असा वाद घालता येतो. पाय, डोळे आणि किडनीच्या या तिन्ही आजारांच्या निदानातच मधुमेह बसलेला आहे, त्यामुळे लपवालपवीचा सगळ्यात कमी उपयोग नेमका इथेच होतो. क्लेम जातो, पॉलिसी रद्द होऊ शकते, भरलेले हप्ते जप्त होऊ शकतात. अंगठा गेलेल्या साठीच्या माणसाला मग दुसरी पॉलिसी मिळणं किती अवघड, ते एजंटलाच विचारा.

5 वर्षांची गोष्ट अर्धी खरी आहे. सलग 60 महिने पूर्ण झाले की ‘माहिती दिली नाही’ या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. आधी ही मुदत 8 वर्षं होती, 2024 मध्ये 5 झाली. पण सिद्ध झालेली फसवणूक याला अपवाद आहे. रोज गोळी घेणाऱ्याने ठरवून ‘नाही’ लिहिणं फसवणूक ठरेल की नाही, हा वाद तुम्हाला पायाला बँडेज बांधून लढायचा आहे का? शिवाय विमा वाढवला की वाढीव भागाचे 60 महिनेही नव्याने सुरू होतात. लिहिणाऱ्याला 36 महिने थांबायचं, लपवणाऱ्याला 60, तेही जीव मुठीत धरून. हा कसला फायदा?

सुप्रीम कोर्टाबद्दल तर मेसेज सरळ उलटं सांगतो. मनमोहन नंदा यांचा खटला, निकाल डिसेंबर 2021. नंदांनी 2009 मध्ये अमेरिकेला जाण्यापूर्वी परदेश प्रवासाची मेडिक्लेम पॉलिसी घेतली. तपासणी झाली, मधुमेह आहे हे त्यांनी सांगितलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्रास सुरू झाला, अँजिओप्लास्टी होऊन तीन स्टेंट बसले. कंपनीने मधुमेह आणि कोलेस्टेरॉलकडे बोट दाखवून क्लेम नाकारला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कंपनीची बाजू घेतली, सुप्रीम कोर्टाने नंदांची. न्या. चंद्रचूड आणि न्या. नागरत्ना यांच्या खंडपीठाने सांगितलं की प्रस्तावात जाहीर केलेल्या आजाराची शहानिशा करून एकदा पॉलिसी दिली, की नंतर त्याच आजाराचं कारण पुढे करून क्लेम फेटाळता येत नाही. हा माणूस जिंकला तो लिहिलं होतं म्हणून.

डायलिसिसबाबत मेसेजमध्ये धोक्याचा एक कण आहे, तोही चुकीच्या जागी. मधुमेह जाहीर केला म्हणून डायलिसिस कायमचं वगळलं जात नाही. पण पॉलिसी घेतानाच मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, किडनीची अवस्था सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं असेल, तर कंपनी तुमच्या संमतीने तो आजार कायमचा वगळू शकते. त्यासाठी नियामकाने ठरवलेल्या आजारांच्या यादीत मूत्रपिंडाचा दीर्घ आजार आहे, मधुमेह नाही. म्हणूनच पॉलिसी किडनी ठीक असताना घ्यायची. डायलिसिसला 24 तास भरती राहावं लागत नाही, तो डे-केअरमध्ये धरतात. खरी अडचण रकमेची आहे. आठवड्याला तीन फेऱ्या, फेरीला 2,000 धरले तरी वर्षाला तीन लाखांच्या वर. संपलेली रक्कम पुन्हा भरून देणारी सोय बऱ्याच पॉलिसींत त्याच आजाराला चालत नाही, ते आधी वाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे, तेही विसरू नका.

डोळ्यांचं थोडक्यात. मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसींत वेगळे 24 महिने असतात आणि तो मधुमेहाच्या खात्यातही पडला तर दोन्हींपैकी मोठा काळ लागतो. पडद्याची सूज उतरवणारं डोळ्यातलं इंजेक्शन नियामकाने आधुनिक उपचारांच्या यादीत घातलंय, पण त्यावर मर्यादा असू शकते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या एकसारख्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्मी आहे.

आता आत्यासारख्यांनी काय करायचं? पॉलिसी आली की पहिल्या पानावरच्या तक्त्यात नावासमोरचा ‘प्री-एक्झिस्टिंग डिसीज’ हा रकाना बघा. तोंडी सांगितलेलं असूनही तिथे ‘नन’ छापून आलेलं मी पाहिलंय. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांची फ्री-लूक मुदत असते. त्यात लेखी दुरुस्ती मागा, नाही केली तर पॉलिसी परत करा. प्रतीक्षाकाळात डेंगी झाला, भरती असताना शुगर वाढली, म्हणून कंपनीने ‘मधुमेह’ म्हणत हात वर केले, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून एका ओळीचं पत्र घ्या: भरतीचं कारण डेंगी. डेंगी ही मधुमेहाची गुंतागुंत नव्हे. नकाराच्या पत्रात कोणतं कलम लावलंय ते बघा. आजार जाहीर आहे, 36 महिने उलटलेत आणि तरी Excl01 लावलंय, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत मात्र जा.