बी.एड. चालू असताना पेपर एक भरू नका

"बी.एस्सी. झालंय, बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. सीटेटचे दोन्ही पेपर भरू का?"

ताई, फक्त पेपर दोन भरा. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी असतो, आणि ऑगस्ट 2023 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांना बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.सारखं प्राथमिकचं प्रशिक्षण लागतं. इथे इंदूरला माझ्या भाचीने दोन्हींची फी भरली, पेपर एक पासही झाली. ते प्रमाणपत्र नुसतं फाइलीत पडून आहे. जीव तुटतो हो!

पदवी हातात येईपर्यंत थांबू नका, शिकत असतानाही सीटेट देता येते. दीडशेपैकी नव्वद गुण हवेत आणि प्रमाणपत्र आता आजन्म चालतं. पेपर दोनमध्ये साठ प्रश्न गणित-विज्ञानाचे, तुमचा जोर तिथेच. भाषांमध्ये मराठीही निवडता येते, घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊकच नसतं.

मात्र सीटेट केंद्रीय विद्यालयांसारख्या शाळांसाठी. मध्य प्रदेशच्या सरकारी शाळेत जायचं तर राज्याची पात्रता परीक्षा वेगळी, त्यानंतर निवड परीक्षा. सहावी ते आठवीसाठी वर्ग दोनचा फॉर्म बघा, वर्ग तीन प्राथमिकचा असतो.