चौदाशे पन्नास युरोंचे शाकाहारी जेवण

लियाँमधील आमच्या कार्यालयात महिन्याच्या खर्चाचा हिशेब, म्हणजे 'नोत द फ्रे', कंपनीतच तयार झालेल्या एका प्रणालीत भरावा लागतो. त्या सोमवारी मी एका ग्राहकाबरोबर घेतलेल्या शाकाहारी जेवणाचे साडेचौदा युरो इमानेइतबारे भरले, 'जतन करा' दाबले आणि निश्चिंत झालो. दुपारी साहेबांनी मंजुरीच्या चौकटीत एकच ओळ लिहून हिशेब परत पाठवला होता: "जेवण चांगले होते का?" प्रणालीत जेवणाची किंमत चौदाशे पन्नास युरो दिसत होती.

दुरुस्तीसाठी मी तोच आकडा पुन्हा भरला. जतन करेपर्यंत तो शहाण्यासारखा वागे आणि जतन केल्याबरोबर त्याचे डोके फिरे.

```
14.50   ->   1 450,00
```

आता आयटीच्या मदतकक्षाला कळवणे भाग होते आणि तेही फ्रेंचमध्ये. पुण्यात मी जे फ्रेंच शिकलो त्यात पाव विकत घेणे, स्टेशनचा रस्ता विचारणे आणि आपल्या कुटुंबाचे वर्णन करणे एवढे पक्के बसले होते. बिघडलेल्या प्रणालीचे वर्णन करण्याचा धडा पुस्तकात नव्हता. 'व्हू' आणि 'त्यू' यांतला फरक मात्र मला कोणी शिकवावा लागला नाही. अनोळखी तंत्रज्ञाला 'तुम्ही' म्हणायचे हे ज्याला घरातच शिकवले जाते त्याचे निदान तेवढे गुण तरी जात नाहीत. शिवाय मजकुराच्या आरंभी 'बाँझूर' लिहिल्याखेरीज फ्रान्समध्ये कोणतेही काम सुरू होत नाही, हेही मला अनुभवाने ठाऊक होते.

मदतकक्षाकडे नोंदवलेल्या तक्रारीला तिकीट म्हणतात आणि त्या तिकिटाच्या अर्जात तातडीची चौकट असते. तीत आपण 'फार जास्त' निवडले म्हणजे काम झाले, असा माझा भाबडा समज होता. फ्रान्समध्ये जन्मलेली आणि तिथे फार वापरली जाणारी जीएलपीआय ही तिकीट-प्रणाली घ्या किंवा तिच्यासारखी दुसरी घ्या, हिशेब असा असतो की अर्जदार सांगतो ती केवळ तातडी. परिणामाची व्याप्ती तंत्रज्ञ ठरवतो आणि या दोहोंच्या कोष्टकातून प्राधान्य निघते. एका माणसाचे एक जेवण ही व्याप्ती पाहता कोष्टकातून काय निघणार, हे सांगायला नको. मी आपला शीर्षकात मोठ्या अक्षरांत 'उर्जाँ', म्हणजे 'तातडीचे', लिहून पुढे तीन उद्गारचिन्हे ठोकली आणि फ्रेंच रिवाजाप्रमाणे त्यांच्या आधी एक जागा मोकळी सोडण्याइतके भानही ठेवले.

मजकुरात मी लिहिले, की आकडा जतन केल्यावर रक्कम 'एव्हाँत्युएलमाँ' शंभरपट होते. इंग्रजीतल्या 'इव्हेंच्युअली'चा हा सख्खा भाऊ असणार, असे मी गृहीत धरले होते. मला म्हणायचे होते, की शेवटी रक्कम शंभरपट होतेच होते. फ्रेंचमध्ये मात्र या शब्दाचा अर्थ 'कदाचित, जमल्यास, प्रसंग पडला तर' असा आहे. म्हणजे मी तीन उद्गारचिन्हांनिशी कळवले होते, की माझी रक्कम कधी लहर लागली तर शंभरपट होऊ शकते. तंत्रज्ञाने चौदा युरो पन्नास सेंटचा आकडा एकदा भरून पाहिला, तो ठीक जतन झाला, आणि 'समस्या पुन्हा घडवता आली नाही' असा शेरा मारून त्याने तिकिटाची स्थिती 'रेझोल्यु' केली. माझ्याकडे चौदाशे पन्नास आणि त्याच्याकडे सुटलेली समस्या, असे आम्ही दोघे आपापल्या जागी उरलो.

लेखा विभागातल्या बाई मला 'त्यू' म्हणतात. त्यांनी माझे तिकीट वाचले, 'एव्हाँत्युएलमाँ'पाशी येऊन चष्मा काढला आणि विचारले, "हे कधीकधी होते की दर वेळी?" दर वेळी, असे मी म्हणालो. "मग सिस्तेमातिकमाँ लिही. आणि उर्जाँ काढून टाक. उर्जाँ सगळेच लिहितात. पंचवीस तारखेला हिशेब बंद होतात आणि तोवर हा आकडा सुधारला नाही तर तुझे पैसे पुढच्या महिन्यावर जातील, हे लिही." त्यांच्या मते तारीख आणि नुकसान लिहिले की तातडी वाचणाऱ्याला आपोआप दिसते, विशेषणे लिहिली तर लिहिणाऱ्याचा स्वभाव तेवढा दिसतो.

मग त्यांनी माझ्याच यंत्रावर आकडा भरून पाहिला आणि तो बरोबर जतन झाला. मी भरला, पुन्हा चौदाशे पन्नास. असे तीनदा झाले. यंत्र माणूस ओळखते, या निष्कर्षाला मी जवळजवळ पोहोचलो होतो. तेवढ्यात बाईंनी मला दुसरी एखादी रक्कम भरायला सांगितले. मेट्रोचे दहा युरो दहाच राहिले. पार्किंगचे साडेसात मी घाईत पाचापुढचे शून्य न देता भरले, तर त्यांचे पंचाहत्तर झाले. म्हणजे रक्कम शंभरपट होत नव्हती; एकदा शंभरपट, एकदा दसपट आणि पूर्ण आकड्याला काहीच नाही. रक्कम वाढत नव्हतीच, प्रणाली मधला टिंब गिळत होती आणि उरलेले अंक एकमेकांना चिकटत होते. एवढे उघड दुखणे मी 'शंभरपट' या निदानाखाली झाकून ठेवले होते. डॉक्टरकडे जाऊन खोकला सांगण्याऐवजी आपणच क्षयाचे नाव घ्यावे, तशातला हा प्रकार.

आता मी बाईंच्या बोटांकडे पाहिले. फ्रेंच कळफलकावर 'एन'च्या शेजारी स्वल्पविरामाची कळ असते, ती त्या दाबत होत्या, कारण फ्रान्समध्ये दशांशचिन्ह स्वल्पविराम आहे. मला मात्र त्याच सोमवारी बाहेरून जोडायचा मोठा कळफलक मिळाला होता आणि उजवीकडे वेगळा अंकांचा गठ्ठा आहे या आनंदात मी सगळे आकडे तिथूनच भरत होतो. त्या गठ्ठ्यातली दशांशाची कळ नेहमीच्या फ्रेंच मांडणीत स्वल्पविराम न देता टिंबच देते. स्प्रेडशीट तो टिंब समजून घेऊन स्वल्पविराम करते. आमच्या प्रणालीला तेवढी समज कोणी दिली नव्हती.

या गठ्ठ्याला फ्रेंचमध्ये 'पाव्हे न्युमेरिक' म्हणतात. 'पाव्हे' म्हणजे रस्त्यात बसवायचा फरसबंदीचा दगड, एवढेच मला ठाऊक असल्यामुळे बाई तो शब्द लिहायला सांगत असताना मी दोनदा खात्री करून घेतली.

दुसरे तिकीट आठ ओळींचे झाले. शीर्षकात समस्या. मग पायऱ्या: नवी नोंद उघडावी, पाव्हे न्युमेरिकवरून चौदा, टिंब, पन्नास भरावे, जतन करावे. अपेक्षित काय आणि प्रत्यक्ष काय, दोन्ही अंकांत. अक्षरांच्या कळांमधला स्वल्पविराम दिल्यास बिघाड होत नाही, सोमवारी नवा कळफलक येण्यापूर्वी बिघाड नव्हता, सोबत पडद्याची दोन चित्रे. शेवटी पंचवीस तारीख. तातडी मी 'मध्यम' निवडली, ती निवडताना मन मोठे करावे लागले.

चाळीस मिनिटांत उत्तर आले. तंत्रज्ञाला बिघाड पहिल्याच प्रयत्नात दिसला होता. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होईल आणि तोपर्यंत 'कोंतूर्नमाँ', म्हणजे वळसा, म्हणून पाव्हे न्युमेरिकवरचा टिंब वापरू नये, असे त्याने कळवले. खाली समारोपाला 'बिएँ कोर्दिआलमाँ', म्हणजे 'अगदी स्नेहपूर्वक', होते. पहिल्या उत्तराखाली नुसतेच 'कोर्दिआलमाँ' होते, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

तिकीट बंद झाल्यावर समाधानाची प्रश्नावली आली. समस्या सुटली का, असा पहिला प्रश्न होता. दुरुस्तीची आवृत्ती कधी येणार ते कोणालाच सांगता येत नव्हते आणि माझे बोट सवयीने अजून त्याच टिंबाकडे जात होते. मी विचार करून उत्तर लिहिले: 'एव्हाँत्युएलमाँ.' या वेळी शब्द बरोबर वापरला आहे, असे लेखा विभागातून कळवण्यात आले.