३१ जानेवारी २०१८ चा भाव: तोटा छापण्याचं यंत्र नव्हे

“३१ जानेवारी २०१८ आधी घेतलेले शेअर असतील तर टॅक्स कायमचा माफ! त्या दिवशीचा क्लोजिंग भाव हीच तुमची खरेदी किंमत धरायची. त्याच्या खाली विकलात तर तोटा दाखवा आणि बाकीचा नफा पुसून टाका. नंतर मिळालेल्या बोनसलाही तोच भाव. २०२४ च्या बजेटमध्ये ही सवलत काढली आहे, तेव्हा रिटर्न भरायच्या आत फायदा घ्या. सीए हे सांगणार नाहीत.”

हा मजकूर आमच्या मामांनी पाठवला, खाली “करू का असं?” एवढाच प्रश्न. नको, मामा. सवलत कायमचीही आहे आणि काढलेलीही आहे, हे एकाच मेसेजमध्ये लिहिणाऱ्याने स्वतःचं लिखाण परत वाचलेलं नाही, एवढं तरी दिसतंच.

सगळ्यात घातक भाग तोट्याचा, म्हणून तोच आधी. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याची करमाफी काढली आणि कलम ११२ए आणलं. आदल्या दिवसापर्यंत वाढलेली किंमत मात्र कराबाहेर ठेवली. ती कशी ठेवायची हे कलम ५५ मध्ये सांगितलं आहे, आणि ते दोन पायऱ्यांत आहे. मेसेज लिहिणाऱ्याने पहिली पायरी गिळून टाकली.

पहिली पायरी: ३१ जानेवारीचा भाव आणि तुमचा विक्रीचा भाव, यांतला कमी तो घ्यायचा. दुसरी: तो आकडा आणि तुमची खरी खरेदी किंमत, यांतला जास्त तो घ्यायचा. हाती येते ती कायद्याने मानलेली खरेदी किंमत. एक्सेलमध्ये B2 ला खरेदी, C2 ला ३१ जानेवारीचा भाव आणि D2 ला विक्री असेल तर:

```
=MAX(B2, MIN(C2, D2))
```

आता एक उदाहरण घेऊ. ५०० शेअर २०१५ साली ३०० रुपयांना घेतले. ३१ जानेवारी २०१८ ला भाव ७०० होता. आता ४५० ला विकले. मेसेजप्रमाणे खरेदी ७००, म्हणजे शेअरमागे २५० आणि एकूण सव्वा लाखाचा तोटा. खिशात मात्र शेअरमागे दीडशे रुपये नफा आलेला आहे! कायद्याप्रमाणे ७०० आणि ४५० मधला कमी ४५०. मग ३०० आणि ४५० मधला जास्त ४५०. खरेदी ४५०, विक्री ४५०, नफा शून्य, तोटाही शून्य. ती ‘कमी तो’ वाली पायरी घातली आहे ती नेमकी असा कागदी तोटा उभा राहू नये म्हणूनच.

यावर वाद घालायला जागा नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ४ फेब्रुवारी २०१८ लाच प्रश्नोत्तरं काढली आणि त्यात चार उदाहरणं दिली. खरेदी १००, त्या दिवशीचा भाव २००, विक्री १५० असेल तर नफा शून्य, हे त्यातलं दुसरं उदाहरण. चौथ्यात विक्री ५० ला झाली आहे; तिथे तोटा ५० रुपयांचा मानला आहे, दीडशेचा नाही. कारण खरे गेलेले पैसे पन्नासच. म्हणजे खरा तोटा कुणी हिरावून घेत नाही. वरच्याच उदाहरणात शेअर ३०० ऐवजी ५०० ला घेतला असता, तर ४५० ला विकल्यावर पन्नासचा तोटा मिळाला असता आणि तो दुसऱ्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजाही झाला असता.

“पण पोर्टल असा तोटा घेतं,” असं छातीठोकपणे सांगणारेही आहेत. सरळ भरलं तर घेत नाही. आयटीआर-२ मधल्या Schedule 112A मध्ये शेअर ‘३१ जानेवारी २०१८ रोजी किंवा आधी’ घेतला असं निवडलंत की फॉर्म भाव वेगळा विचारतो आणि कमी-जास्तची तुलना स्वतःच करतो. तोटा घुसवायचा तर ७०० हा आकडा खऱ्या खरेदीच्या रकान्यात टाकावा लागतो, किंवा शेअर नंतर घेतला असं खोटं निवडावं लागतं. ही गफलत नाही, ही चुकीची माहिती झाली. सव्वा लाखाच्या खोट्या तोट्याने १२.५ टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस धरून वाचतात १६,२५० रुपये. चुकीची माहिती दिल्याचा दंड कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या दुप्पट, म्हणजे ३२,५००. शिवाय मूळ कर आणि व्याज भरायचं ते वेगळंच.

क्लोजिंग भावाची चूक त्यामानाने सौम्य, आणि तिने नुकसान तुमचंच होतं. कायदा त्या दिवसाचा कमाल भाव म्हणतो. एनएसईची त्या दिवसाची भावकॉपी, म्हणजे सगळ्या शेअरच्या भावांची फाइल, cm31JAN2018bhav.csv या नावाची आहे. त्यात CLOSE नव्हे, HIGH हा रकाना बघायचा. त्या दिवशी व्यवहारच झाला नसेल तर त्याआधी ज्या दिवशी झाला, त्या दिवसाचा कमाल भाव. बाजारात नोंद नसलेल्या फंडाच्या युनिटला मात्र त्या दिवशीची एनएव्ही.

बोनसवर थोडं थांबायला हवं, कारण इथे मेसेजवर विश्वास न ठेवणारी माणसंही फसतात. ३१ जानेवारी २०१८ नंतर मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य. त्यांना ३१ जानेवारीचा जुना भाव लागत नाही. शेअर नवा, मिळाल्याची तारीख नवी, आणि नफा दीर्घ मुदतीचा ठरायला लागणारे बारा महिनेही त्या तारखेपासून मोजायचे. स्प्लिटचं उलट आहे: तो तोच जुना शेअर, फक्त तुकडे केलेला. त्यामुळे जुनी तारीख टिकते आणि जुना भाव तुकड्यांच्या प्रमाणात भागायचा.

एचडीएफसी बँकेत हे दोन्ही एकापाठोपाठ झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे दोन झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एकाला एक बोनस आला. समजा २०१२ साली १०० शेअर ६०० च्या भावाने घेतले, म्हणजे ६०,००० रुपये. ३१ जानेवारीचा भाव हिशेबाला सोपा म्हणून २,००० धरू. स्प्लिटनंतर २०० शेअर झाले. खरेदी ३०० आणि जुना भाव १,००० प्रत्येकी. बोनसनंतर हातात ४०० शेअर, पण जुन्या २०० चा भाव १,००० च राहिला. तो आणखी अर्धा होत नाही.

आता २०० शेअर ९८० ला विकले. डीमॅटमध्ये आधी आलेले आधी गेले असं धरतात, म्हणजे जुने २०० गेले. १,००० आणि ९८० मधला कमी ९८०, तो ३०० पेक्षा जास्त. नफा शून्य. पण शेअरचे आलेख दाखवणाऱ्या बऱ्याच वेबसाइटवर जुना भाव बोनससाठीही ‘अॅडजस्ट’ करून ५०० च्या आसपास दिसतो. तो उचललात तर शेअरमागे ४८० असा ९६,००० रुपयांचा नफा नसताना दाखवाल. म्हणून मूळ भाव भावकॉपीतून घ्या, स्प्लिटने भागा, नंतरच्या बोनसला हात लावू नका. उरलेले २०० बोनसचे: ते ९८० ला विकलेत तर अख्खे १,९६,००० नफा. बारा महिन्यांच्या आत विकलेत तर तो अल्प मुदतीचा, त्यावर २० टक्के दर आणि दीर्घ मुदतीच्या नफ्याला मिळणारी वर्षाची सव्वा लाखाची सूटही नाही. कटऑफच्या आधी मिळालेल्या बोनसचं तसं नाही. त्याची खरेदी शून्य असली तरी ३१ जानेवारीचा भाव त्याला पूर्ण मिळतो.

कायमच्या माफीबद्दल: माफ आहे ती त्या तारखेपर्यंतची वाढ. पुढची वाढ करपात्र आहे, मग शेअर आजोबांनी घेतलेला का असेना.

आता २०२४. इथे मेसेजवाल्याला अर्धा गुण द्यावा लागतो, नाइलाजाने. २३ जुलै २०२४ पासून दर १० चा १२.५ टक्के झाला, वर्षाची सूट एक लाखाची सव्वा लाख झाली, आणि बाकी मालमत्तांवरचं इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं, बहुतांशी गेलं. ते इंडेक्सेशन गेल्याची बातमी कुणीतरी ग्रँडफादरिंग, म्हणजे ही ३१ जानेवारीची सवलत, गेल्याची बातमी म्हणून वाचली असावी. ३१ जानेवारीचं सूत्र तेव्हा होतं तसंच राहिलं. त्यामुळे ‘आत्ताच विका’ या घाईला अर्थ नाही.

ती सवलत तुम्ही स्वतःच्या हाताने मात्र घालवू शकता. जुन्या फंडातून २०१९ मध्ये रेग्युलरचं डायरेक्ट केलंत? तो स्विच म्हणजे कायद्याने विक्री आणि नवी खरेदी. जुन्या भावाचा फायदा तेव्हाच वापरून झाला, आताच्या युनिटना तो नाही. एसआयपी असेल तर जानेवारी २०१८ अखेरपर्यंतच्या हप्त्यांच्या युनिटनाच जुनी एनएव्ही लावायची, अख्ख्या फोलिओला नाही.

शेवटचं, ब्रोकरच्या रिपोर्टबद्दल. मध्ये कधी ब्रोकर बदलला असेल आणि शेअर एका डीमॅटमधून दुसऱ्यात नेले असतील, तर नव्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा खरेदीची तारीख शेअर हलवल्याची दिसते आणि किंमत शून्य किंवा त्या दिवशीची. तारीख २०१८ नंतरची दिसली की जुन्या भावाचा रकाना रिकामाच येतो. वरच्या पहिल्या उदाहरणात किंमत दुरुस्त केली पण तारीख तशीच राहिली, तर खरेदी ३०० च धरली जाईल आणि ७५,००० चा नफा उगाच उभा राहील. जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट किंवा आधीच्या डीमॅटचं स्टेटमेंट शोधा, रिपोर्टमधली तारीख त्याच्याशी ताडून पाहा, आणि मगच Schedule 112A मधली ओळ भरा.