‘फक्त’ सोफ्याचा रंग

सकाळी सकाळी क्लायंटचा फोन. “अहो, फक्त सोफ्याचा रंग मरून करा आणि संध्याकाळपर्यंत वॉकथ्रू पाठवा.” हे ‘फक्त’ ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते! चार वेळा समजावलंय या माणसाला.

वॉकथ्रू म्हणजे खोलीतून फिरवून आणणारा, संगणकावर बनवलेला व्हिडिओ. दीड मिनिटाचा, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 2250 चित्रं. 4K मध्ये एक चित्र तयार करायला मशीनला 8 मिनिटं लागतात. गुणाकार करा ना एकदा! 300 तास होतात. मशीन रात्रंदिवस चाललं तरी साडेबारा दिवस. सोफा दिसतो 22 सेकंद, म्हणजे 550 फ्रेम, त्यांनाच तीन दिवस. वर म्हणतो, “फोटोत रंग बदलतात तसा बदला की.” अरे बाबा, मास्क लावून सोफा मरून होईल, पण त्यावरून उसळून पांढऱ्या भिंतीवर पडणारा उजेड जुन्या बेज रंगाचाच राहील. मग तूच म्हणशील, सोफा चिकटवल्यासारखा दिसतोय.

वेळ कुठे जातो तेही दाखवलं होतं, अगदी चित्र मोठं करून. पडद्यामागच्या कोपऱ्यात पांढरे ठिपके नाचत होते. खिडकीच्या काचेला जाडी आणि खरं रिफ्रॅक्शन दिलेलं. काचेतून वाकून येणाऱ्या उन्हाचा माग काढण्यात रेंडरर, म्हणजे चित्र काढणारं सॉफ्टवेअर, झिजत बसतं. आणि हे ठिपक्यांचे दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलमागे सोडायचे किरण, दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. म्हणून मी कॉस्टिक्स, म्हणजे काचेतून वाकून एकवटणाऱ्या उजेडाचा हिशोब, बंद केले आणि सावलीच्या किरणांपुरती काच साधी पारदर्शक केली. नुसत्या पाहणाऱ्याला फरक कळणारही नाही, पण 8 मिनिटांची 5 झाली. त्यात 4K ऐवजी 1080p घेतलं तर पिक्सेल एक चतुर्थांश. चाचणीत फ्रेम दीड मिनिटावर आली. सगळा वॉकथ्रू 56 तासांत, आणि सोफ्याचे 550 फ्रेम 14 तासांत, एका रात्रीत!

पण नाही, 4K च हवं. बघणार कशावर? मोबाइलवर!

मग सल्ला, “सॅम्पल कमी करा, डीनॉइझर आहे ना.” दाणे पुसणारा डीनॉइझर आहे, वापरतोच. पण सॅम्पल फारच उतरवले तर तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा अंदाज बांधतो. एकेक चित्र स्वच्छ दिसतं आणि चालवलं की पडद्याच्या चुण्या थरथरतात. म्हणून मी आधी सलग 50 फ्रेम काढून चालवून बघतो, मगच आकडा ठरवतो. त्या तपासणीलाही वेळ लागतो, तो कुणी मोजतच नाही.

एवढंच मागतोय मी: रंग, कापड, फरशी आधी चार स्थिर चित्रांवर पक्कं करा. तिथे दहा वेळा बदला, आनंदाने करून देईन. फायनलला बटण दाबल्यावर ‘फक्त’ म्हणायला फोन करू नका!