पाणी आणि पानी

प्रतिक्रिया: पुण्यात एका कॉटपुरती जागा भाड्याने घेऊन राहणाऱ्या आणि बोलण्या-दिसण्यावरून मुलाखतीत मागे पडणाऱ्या गावाकडच्या मुलावरचा ‘कॉट बेसिस’ हा तुमचा लेख वाचला. भावनिक आहे, पण पटला नाही. मी साताऱ्याजवळच्या खेड्यातून १९९४ साली पुण्यात आलो. मलाही हसले, पण महिनाभरात बोलणं सुधारलं. आज कंपनीसाठी माणसं निवडतो. समोर मुलगा येतो, झगमगीत शर्ट, दात पिवळे, ‘पानी’ म्हणतो. ही गरिबी नाही, आळस आहे. आरसा आणि ब्रश कुणाला परवडत नाही? तुमच्यासारख्यांच्या लेखांमुळे मुलं आहेत तिथंच राहतात.

उत्तर:

नमस्कार सर,

शर्टाचं तुमचं बरोबर आहे, ते आधीच मान्य करतो. मुलाखतीला चमकणाऱ्या कापडाचा शर्ट नको, हे कुणीतरी सांगायला हवं. फक्त तो शर्ट आळसातून अंगावर आलेला नसतो. बहुतेक वेळा तो बहिणीच्या नाहीतर चुलतभावाच्या लग्नात घेतलेला असतो, म्हणजे पोराकडचा सगळ्यात भारी. तुमच्यासमोर यायचं म्हणून त्याने तो पेटीतून काढलेला असतो. एका वाक्यात सुटणारा प्रश्न आहे, सोडून देऊ. दात आणि ‘पानी’ यांचं मात्र तसं नाही.

ज्या मुलावरून मी तो लेख लिहिला, तो पांढरकवड्याच्या बाजूचा. मी दिग्रसचा, म्हणजे जिल्हा एकच, यवतमाळ. सदाशिव पेठेत आमच्या खोलीत चार कॉट होत्या, त्यातली दाराजवळची त्याची. हसताना तो तोंडावर हात धरायचा. पहिले दोन दिवस मला वाटलं लाजाळू आहे. मग एकदा जेवताना दात दिसले. पुढच्या चार दातांवर आडवे तपकिरी पट्टे, मध्ये खडूसारखे पांढरे डाग. मीही मनात तेच म्हणालो जे तुम्ही म्हणता.

पण हा पोरगा दिवसातून तीनदा दात घासायचा. पेस्टने झालं की मिठाने, आणि सुट्टीत गावी गेला की कोळशाच्या भुकटीने. डाग हलले नाहीत, उलट दातांना थंड पाणी सोसेना. शेवटी दंतवैद्याकडे गेला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?’

हातपंपाचं. ते डाग फ्लोराइडचे होते. जमिनीखालच्या काही खडकांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं, आणि यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हा जुना त्रास आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त असलं तरी पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. उकळून ते जात नाही, पाणी आटल्यामुळे प्रमाण थोडं वाढतंच. आणि मुख्य गोष्ट अशी की कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे पाणी पोटात गेलं तर दाताचं वरचं कवच घडतानाच बिघडतं. दात उगवतो तो डाग घेऊनच. तो पुसायचा मळ नसतो, त्यामुळे ब्रशने निघायचा प्रश्नच येत नाही.

तुम्ही माणसं निवडता म्हणून फरक कसा ओळखायचा ते सांगतो. न घासलेल्या दातांवरचा थर हिरडीलगत आणि दोन दातांच्या फटीत साचतो, हिरडी लाल किंवा सुजलेली असते. फ्लोराइडचा डाग दातावरून आडवा जातो आणि डावीकडच्या ज्या दातावर असतो, उजवीकडच्या त्याच दातावरही असतो. हिरड्या बहुधा ठणठणीत. शिवाय त्याच वर्गातली, त्याच पंपाचं पाणी प्यायलेली पोरं तशीच असतात. या मुलाने मला शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो दाखवला होता. पहिल्या रांगेत सगळ्यांची तोंडं मिटलेली.

डाग फिके असतील तर दंतवैद्य वरचा अगदी पातळ थर घासून बरंच काही करू शकतात. जास्त असतील तर दातावर पापुद्रा चिकटवावा लागतो. त्याला पैसे लागतात, आणि तो खर्च आरसा-ब्रशच्या हिशेबात बसत नाही.

आता ‘पानी’.

तुमचं बोलणं महिनाभरात सुधारलं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ते का जमलं, हे मात्र तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. साताऱ्याकडच्या बोलीत बहुतेक ठिकाणी ण आहेच. तुम्ही ‘पाणी’, ‘कोण’, ‘आण’ लहानपणापासून म्हणत होतात. तुम्हाला बदलावे लागले ते शब्द आणि क्रियापदांची रूपं. ‘लई’च्या जागी ‘खूप’, ‘न्हाई’च्या जागी ‘नाही’. हे पाठ करता येतं. वऱ्हाडीत गोष्ट वेगळी आहे. तिथे ण आणि न हे दोन वेगळे आवाज म्हणून फारसे राहिलेलेच नाहीत, सगळीकडे न. ज्या मुलाने घरात कधी ण ऐकलाच नाही, त्याच्या जिभेच्या आधी त्याचा कान अडतो.

हे मी घरच्या घरी तपासून पाहिलं. पाच जोड्या घेतल्या: मन-मण, तन-तण, सन-सण, खान-खाण, जन-जण. तोंडासमोर वही धरली, म्हणजे ओठ-जीभ दिसायला नको, आणि एकेक शब्द उलटसुलट क्रमाने वीस वेळा म्हणालो. त्याने फक्त न की ण ते लिहायचं. अकरा बरोबर आले. नाणं उडवून उत्तरं लिहिली असती तरी साधारण तेवढीच आली असती. म्हणजे त्याला फरक ऐकूच येत नव्हता. आणि मुलाखत घेणारे त्याला सांगत होते, ‘जरा नीट बोला’. काय नीट?

त्याने स्वतःच्या परीने उपाय केला तो आणखी अंगाशी आला. एका कंपनीला त्याने मेल लिहिली: ‘मी लहाणपणापासूण मेहणती आहे.’ तुम्ही हसला असाल. मीही हसलो होतो. पण हे वाक्य आळशी माणसाचं नाही. आपल्याला ण येत नाही हे ज्याला टोचतं आणि तो नेमका कुठे येतो हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही, तो भीतीपोटी सगळीकडे ण घालतो. अर्जात असा ण दिसला तर समजावं, पोरगं धडपडतंय.

मग आम्ही उलट क्रमाने गेलो. आधी तीन आठवडे फक्त ऐकणं, रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं, त्याच जोड्या. वीसपैकी सतरा यायला लागले तेव्हा तोंडाला सुरुवात केली. ण म्हणताना जिभेचं टोक वर मागे वळतं आणि टाळूला झटकन लागून खाली येतं, ‘गाडी’तल्या ड सारखं, फक्त हवा नाकातून. म्हणून त्याला आधी ‘घोडा, गाडी, माडी’ म्हणायला लावलं, मग तीच जीभ ठेवून ‘पाणी, गाणी, राणी’. लिहिण्यासाठी दोन आधार दिले. मराठी शब्दाची सुरुवात ण ने होत नाही. आणि संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दात आधी र किंवा ष असेल तर पुढे बहुधा ण येतो: कारण, भाषण, रामायण. (‘दर्शन’ आणि ‘वर्तन’ हा नियम पाळत नाहीत, कारण मध्ये श किंवा त आडवा येतो. त्यावरून आमचं एकदा भांडण झालं होतं.)

दोन महिन्यांनी सावकाश वाचताना त्याचे ण नीट यायला लागले. घाईत, फोनवर, चिडला की अजूनही ‘पानी’. ते जाईल असं मला वाटत नाही, आणि जायची गरजही वाटत नाही.

गरज वाटत नाही, कारण तुम्ही ज्याला सुधारणं म्हणता त्याचा इतिहास जरा गमतीचा आहे. संस्कृतात ‘पानीय’, न. प्राकृतात दोन स्वरांमधल्या न चा ण झाला आणि आपल्याकडे ‘पाणी’ आलं. ‘गान’चं गाणं, ‘जेमन’चं जेवण, ‘नवनीत’चं लोणी, सगळं त्याच वाटेने. उलट जिथे मूळचा ण होता तिथे आपण न केला: कर्णाचा कान, पर्णाचं पान, सुवर्णाचं सोनं, उष्णाचं ऊन, अरण्याचं रान. पुण्यातला कुठलाही शुद्ध माणूस ‘काण दुखतोय’ म्हणत नाही. ण चा न करणं हे अशिक्षितपणाचं लक्षण असेल तर ते काम अख्ख्या मराठीने शेकडो वर्षांपूर्वी उरकलंय. वऱ्हाडीने तेच आणखी थोडं पुढे नेलं. एकोणिसाव्या शतकात शाळा आणि छापील पुस्तकं आली तेव्हा पुण्याकडच्या शिकलेल्यांची बोली प्रमाण धरली गेली. ती यवतमाळची धरली असती तर आज साताऱ्याच्या पोरांना वही आड धरून ‘पानी’ म्हणायला शिकवावं लागलं असतं.

प्रमाण भाषा नकोच, असं मी म्हणत नाही. बातम्या वाचायच्या असतील, ग्राहकाशी मराठीत बोलायचं काम असेल तर ती यावी, आणि आम्ही तीन आठवडे कान घासले ते त्यासाठीच. पण तुमच्या कंपनीत ज्या जागेसाठी मुलाखत आहे तिथे ण लागतो का, हे एकदा तपासून बघा. या मुलाने ज्या तीन ठिकाणी ‘बोलणं पॉलिश्ड नाही’ हे ऐकलं, त्यातल्या दोन जागा दिवसभर संगणकावर बिलं तपासायच्या होत्या. चौथ्या ठिकाणी त्याला घेतलं, तेही बिलांच्याच कामावर. तिथे त्याला विचारलं गेलं ते एवढंच, की बेरीज चुकली तर कशी शोधशील.

मागच्या दिवाळीत तो गावी जाऊन आला. त्याच्या भाचीला नवे दात येतायत. शाळेजवळच्या हातपंपाला आता लाल रंग फासलाय म्हणे, म्हणजे हे पाणी पिऊ नये अशी खूण, पण उन्हाळ्यात टँकर उशिरा आला की बाया अजून तिथेच घागरी लावतात. बहिणीला त्याने सांगितलं, पोरीला ते पानी देऊ नको. मला हे फोनवर सांगताना तो ‘पानी’च म्हणाला, आणि मी दुरुस्त केलं नाही.